‘पानी’ म्हणणारं पोरगं चुकत नाही

आमच्या शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका झेडपी शाळेचं गॅदरिंग, पाचवीतलं एक पोरगं कपाशीच्या वेचणीवर बोलतंय, आणि काय बोलतंय! हातवारे, थांबणं, परत आवाज चढवणं, सगळं जागच्या जागी. पण ते बोलतंय घरच्यासारखं, म्हणजे “मायी माय”, “मले”, “पानी”, “कोन”. तासाभरात ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणे की शिक्षकांनी पाच वर्षं काय शिकवलं, पोराला धड ण म्हणता येत नाही, एवढी अशुद्ध भाषा स्टेजवर येऊच कशी दिली. दुसरा तट म्हणे की शुद्ध-अशुद्ध हे सगळं पुण्याच्या चार लोकांनी लादलेलं थोतांड आहे, प्रमाणभाषा शाळेतून काढूनच टाका. दोन दिवस हेच चाललं आणि त्या पोरानं कपाशीबद्दल काय सांगितलं यावर एक ओळ कुणी लिहिली नाही.

मी वऱ्हाडातलाच. घाटाखालचा. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि का ते नीट सांगायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे: गावची बोली ही पुस्तकी मराठीची मोडतोड झालेली प्रत नाही, ती तिची बहीण आहे, तिला स्वतःचे नियम आहेत आणि ते ती पाळते. पुस्तकी मराठी ही त्याच बहिणींपैकी एकीला लिहिण्याचं काम मिळालं म्हणून वेगळी दिसणारी भाषा आहे. त्या कामाची गरज आहे, ते मला मान्य आहे. पण काम मिळालं म्हणून ती जास्त शुद्ध झाली, हे कुठून आलं?

आता “शुद्ध” म्हणणाऱ्यांना विचारलं की शुद्ध कशावरून, तर उत्तर बहुतेक वेळा संस्कृतवर येऊन थांबतं. संस्कृतच्या जवळ ते शुद्ध, लांब गेलं ते अशुद्ध. ठीक आहे, तोच काटा घेऊ आणि त्याच पोराचा “पानी” त्यावर ठेवून बघू. संस्कृतात शब्द आहे पानीय. न आहे त्यात, ण नाही. लोण्याला संस्कृत शब्द नवनीत, त्यातही न. जाणणे हे ज्या धातूवरून आलं त्याचं संस्कृत रूप जानाति, पुन्हा न. म्हणजे पाणी, लोणी, जाणणे या तिन्ही ठिकाणी प्रमाण मराठीनं संस्कृतचा न सोडून ण घेतलाय आणि वऱ्हाडातली माझी आजी जे “पानी”, “लोनी” म्हणायची ते संस्कृतच्या जास्त जवळ बसतं. बरं, आता उलटं बघा. संस्कृत कर्ण, मराठीत कान. पर्ण, पान. सुवर्ण, सोनं. चूर्ण, चुना. उष्ण, ऊन. त्रीणि, तीन. इथं संस्कृतात ढळढळीत ण आहे आणि पुण्यातला अगदी शुद्ध बोलणारा माणूससुद्धा न म्हणतो, आणि “काण” किंवा “पाण” कुणी म्हटलं तर हसतो. म्हणजे संस्कृतचा काटा लावला तर प्रमाण मराठी बरोबर उलटी निघते, न होता तिथं ण आणि ण होता तिथं न!

हे उगाच झालेलं नाही, यामागं नियम आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादात हा नियमच सगळ्यात बघण्यासारखा आहे. शब्द संस्कृतातून थेट मराठीत आले नाहीत, मध्ये प्राकृत आहे. महाराष्ट्री प्राकृतात एकेरी न जवळजवळ सगळीकडं ण झाला, आणि र्ण, ष्ण यांसारखी जोडाक्षरं मऊ होऊन ण्ण, ण्ह झाली. कर्णचं कण्ण झालं, पर्णचं पण्ण, आणि त्रीणिचंही तिण्णि. मग मराठी घडताना दोन स्वरांच्या मधला एकेरी ण तसाच राहिला, म्हणून पाणी, लोणी, आणि तृणाचं तण. पण जो दुहेरी ण्ण किंवा ण्ह होता तो सुटून एकेरी न झाला आणि आधीचा स्वर लांबला, म्हणून कण्णचं कान आणि पण्णचं पान. अपवाद आहेत, राणी हा एक, पण शब्दांच्या मोठ्या ढिगाला हा हिशोब लागू पडतो. म्हणजे मराठीत ण चा न होणं ही जुनीच चाल आहे, प्रमाण मराठी ती अर्धी चालली आणि वऱ्हाडी पूर्ण चालली, सगळेच ण न करून मोकळी झाली. एवढाच फरक आहे. फक्त वऱ्हाडीच नाही, पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत “पानी” आणि “कोन” आहेच. आता अर्ध्या वाटेवर थांबलेल्याला शुद्ध आणि पुढं गेलेल्याला अशुद्ध म्हणायचं, याला भाषेच्या आतलं कारण काय? काहीच नाही. कारण बाहेरचं आहे, त्याच्याकडं येतोच.

त्याआधी समोरच्या बाजूचा एक चांगला मुद्दा. लोक म्हणतात की न आणि ण वेगळे ठेवले तर अर्थ वेगळा कळतो, मन वेगळं आणि मण वेगळा, तन वेगळं आणि तण वेगळं, बोलीनं हा भेद घालवला म्हणजे भाषा गरीब केली. यात तथ्य आहे, एक भेद गेला हे खरंच आहे. पण “औंदा वावरात लय तन झालं” असं कुणी म्हटलं तर गावातल्या एकाही माणसाला शरीर आठवत नाही, खुरपं आठवतं. आणि असे गेलेले भेद प्रमाण मराठीतही कमी नाहीत. पान म्हणजे झाडाचं, पुस्तकाचं आणि खायचं. मान म्हणजे डोक्याखालची आणि द्यायचा तोही. आपलं जग म्हणजे दुनिया आणि पाण्याचा जग, बोलताना दोन्ही ज वेगळे आहेत, पण लिहिताना आपण एकाच अक्षरात दोन्ही कोंबतो आणि कुणाचं काही अडत नाही. कुठलीही भाषा सगळे भेद सांभाळत बसत नाही, एक सोडते आणि दुसरा धरते. कोल्हापूरकडं बाई “मी जातो” म्हणते, म्हणजे प्रथमपुरुषातला लिंगभेद तिथं सोडलाय, आणि मी बोलतोय म्हटल्यावर मी बाई की पुरुष हे समोरच्याला दिसतंच, तो भेद शब्दात परत सांगायची गरज काय, असा तिथला व्यवहार आहे. ही चूक असती तर कधी जातो कधी जाते असं झालं असतं. तसं होत नाही, नियमानं होतं.

तिकडचंच आणखी एक. “मी काल आलतो” म्हटलं की पुण्यामुंबईत लोक ओळखतात, गावाकडचा दिसतोय. आलो होतो, त्याचं आलतो. पण “मी आलोय” हे काय आहे? आलो आहे, त्याचंच आलोय. दोन्हीकडं मागचं क्रियापद पुढच्याला चिकटलंय, दोन्हीकडं मधलं काहीतरी गळलंय. “करावयास” चं “करायला” करताना आपण मधला व खाल्ला, ते आता पेपरात छापतात. मग आलोय सुशिक्षित आणि आलतो अडाणी, हे कुणी ठरवलं?

हे ठरलं ते बऱ्यापैकी अलीकडं, आणि तारखांसकट सांगता येतं. 1818 ला पेशवाई गेली. कंपनी सरकारला कारभाराला, शाळेला, छापायला एक मराठी हवी होती, आणि राजधानी पुणे असल्यामुळं शास्त्री-पंडित पुण्यात होते. 1821 ला पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 ला आला, तोही शास्त्र्यांच्या मदतीनं झाला. 1836 ला दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. पुढं मेजर कँडी क्रमिक पुस्तकं तपासायला बसले आणि स्वल्पविराम-पूर्णविरामसुद्धा मराठीत त्यांच्याच हातून रुळले. म्हणजे छापखाना, शाळा आणि सरकारी नोकरी या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि ज्यांची बोली त्या टेबलाजवळ होती ती प्रमाण झाली. राजधानी नागपूरला असती आणि भोसल्यांचे शास्त्री कोशाला बसले असते तर आज “मले” पुस्तकात असतं आणि “मला” म्हणणाऱ्या पोराला वर्गात उभं केलं असतं. (दुसऱ्या तटाला इथं एक सांगतो, याला एका जातीचं कारस्थान म्हणणंही पुरतं बसत नाही. दादोबा स्वतः ब्राह्मण नव्हते. फायदा कुणाला झाला हे मात्र स्पष्ट आहे, आणि ते बोललंच पाहिजे.)

आणि त्याआधी? त्याआधी रोजची मराठी मोडीत लिहायचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवायची रीतच नव्हती, इ ची एकच वेलांटी आणि उ चा एकच उकार असाच बहुतेक कारभार. पेशवे दप्तरातली हजारो कागदं, तह, हिशोब, खलिते, सगळं असं लिहिलेलं आहे. त्या कारकुनांना आजच्या दहावीच्या पेपरला बसवलं तर शुद्धलेखनाचे मार्क जातील, पण त्यांनी त्याच लिपीत राज्य चालवलं. शुद्धलेखन ही गोष्ट बाळबोध, म्हणजे देवनागरी, छापायला लागल्यावर आली. बरं, आल्यावरही ती स्थिर राहिली का? 1962 पर्यंत “कांहीं”, “नांव”, “घरें” असं अनुस्वार देऊन लिहिणं शुद्ध होतं आणि अनुस्वार विसरणं चूक होती. त्या वर्षी साहित्य महामंडळाचे 14 नियम आले, 1972 ला आणखी 4 आले, आणि न उच्चारलेले अनुस्वार गेले. माझे आजोबा मरेपर्यंत “कांहीं” लिहायचे. ते आधी शुद्ध लिहीत होते आणि एका वर्षात अशुद्ध लिहायला लागले, त्यांचा हात तोच होता.

याच नियमांत एक गंमत नाही, महत्त्वाची गोष्ट आहे. “असं केलं”, “मी म्हटलं” ही रूपं लिखाणात कुणाच्या तोंडचं बोलणं असेल तेव्हा चालतील, बाकी ठिकाणी “असे केले”, “मी म्हटले” लिहावं, असा नियम आहे. आता “असे केले” असं तोंडानं बोलतं कोण? सदाशिव पेठेतही कुणी बोलत नाही. म्हणजे प्रमाण लेखी मराठी ही कुणाचीच आईची भाषा नाही, ती सगळ्यांना शाळेत जाऊनच शिकावी लागते. फरक फक्त अंतराचा आहे. पुण्यातल्या पोराला “केलं” वरून “केले” वर जायचं असतं, दोन पावलं. जळगाव-जामोदच्या पोराला “मले” चं “मला”, “प्याले” चं “प्यायला”, “डोया” चा “डोळा”, “मायं” चं “माझं”, शिवाय न-ण, असं वीस पावलं चालायचं असतं, आणि दोघांचे पेपर एकच, वेळ एकच, मार्क एकाच तक्त्यानं. वर वीस पावलं चालणाऱ्याला सांगितलं जातं की तुला भाषाच येत नाही.

हा प्रकार नवा नाही. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या बाजूनं लिहायला घेतलं तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढल्या. शेतसारा, सावकारी, शाळा यावरचं जोतीरावांचं म्हणणं खोडायचं तर त्याला पुरावा लागतो, व्याकरणावर बोट ठेवायला काहीच लागत नाही. आमच्या ग्रुपवर झालं ते हेच. पोरगं वेचणीच्या मजुरीबद्दल बोलत होतं आणि माणसं त्याचा ण मोजत बसली.

मग बोली आणि भाषा यातली रेघ तरी कुठं आहे? इथं एक उदाहरण पुरेसं आहे. सावंतवाडीकडचा माणूस “माका”, “तुका”, “खंय” म्हणतो. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलं की “म्हाका”, “तुका”, “खंय”. दोघं एकमेकांशी बोलताना कुणाला दुभाषी लागत नाही. पण अलीकडं ती मालवणी, मराठीची बोली, आणि पलीकडं ती कोंकणी, स्वतंत्र भाषा: 1975 ला साहित्य अकादमीची मान्यता, 1987 ला गोव्याची राजभाषा, 1992 ला आठव्या अनुसूचीत. आणि जनगणनेच्या तक्त्यात मालवणी कोंकणीखाली मोजली जाते, मराठीखाली नाही! खानदेशी तर, अहिराणी धरून, जनगणनेत मराठीच्या बाहेर स्वतंत्र मांडलेली आहे, 2011 ला सुमारे साडेअठरा लाख लोक, आणि मराठीच्या पुस्तकात तीच अहिराणी मराठीची बोली म्हणून शिकवतात. एकच बोलणं एका ऑफिसात भाषा, दुसऱ्या ऑफिसात बोली. मी गोव्यातल्या लोकांनी चूक केली असं म्हणत नाहीये, त्यांनी ठरवलं आणि लढून मिळवलं. मुद्दा एवढाच की रेघ माणसं ओढतात, ती स्वर-व्यंजनात सापडत नाही. म्हणून “ती फक्त बोली आहे” या वाक्यातल्या “फक्त” ला आधार नाही.

आता दुसरा तट. प्रमाणभाषा काढून टाका म्हणणारे. त्यांचा राग मला समजतो, मी स्वतः चौथीत “बाई, पानी प्याले जाऊ का” म्हटल्याबद्दल “पाणी” नीट म्हणेपर्यंत फळ्याजवळ उभा राहिलोय, आणि तहान लागलेली असताना उभा राहिलोय. ण म्हणायला जीभ मागं वळवावी लागते, माझी वळत नव्हती, आमच्या घरात ती कुणाचीच वळत नव्हती. पण त्या रागातून निघणारा उपाय चुकीचा आहे. काढून टाकायची तर तिच्या जागी काय लिहायचं? वऱ्हाडी? कुठली वऱ्हाडी? अकोल्याची, अमरावतीची की आमची घाटाखालची? बारा कोसांवर बदलते म्हणतो ना आपण. सिरोंच्याच्या तलाठ्यानं लिहिलेला फेरफार वेंगुर्ल्याच्या माणसाला वाचता आला पाहिजे, आणि सातबारा, कोर्टाचा समन्स, औषधाच्या बाटलीवरची सूचना यांना एकच लेखी रूप लागतं. सगळ्यात वाईट म्हणजे, प्रमाणभाषा शिकवणं बंद केलं तर तिच्यावाचून अडणार कुणाचं? ज्याच्या घरात ती दोन पावलांवर आहे त्याचं नाही. तलाठी भरतीचा पेपर तर प्रमाणभाषेतच येणार. म्हणजे आमच्याच पोराच्या हातातलं हत्यार आपणच काढून घ्यायचं. आणि गावची बोली म्हणजे जुनी, अस्सल, न बदललेली मराठी हे सुद्धा खरं नाही, नागपूरकडचं “करून राहिला” ऐकलं की शेजारच्या हिंदीची सावली स्पष्ट दिसते. बोलीही बदलत असते, तिला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही.

प्रश्न मग शिकवायचं की नाही असा नाहीच, कसं शिकवायचं असा आहे, आणि इथं परत न-ण कडं येतो, कारण ज्यानं वऱ्हाडात किंवा मराठवाड्यात वह्या तपासल्यात त्याला हे माहीत आहे. पोरं “लोनी”, “पानी” लिहितात हे सगळ्यांना दिसतं. पण थोडं दटावल्यावर ती “विमाण”, “माणव”, “वाणर”, “जणता” असं लिहायला लागतात. हे बेफिकिरीतून होत नाही. बेफिकीर पोरगं आधी लिहीत होतं तेच लिहीत राहतं. “विमाण” लिहिणारं पोरगं प्रयत्न करतंय, त्याला एवढंच कळलंय की आपला न कुठंतरी चूक धरतात, पण कुठं ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते दिसेल त्या न ला ण करतंय. आणि शिक्षक त्यावर दुसरी लाल रेघ मारतात. त्याला दोन चुका दिसतात. मला तिथं एक मूल नियम शोधताना दिसतं.

माझ्या ओळखीच्या एक बाई आमच्याच भागात तिसरी-चौथीला शिकवतात. त्या फळ्यावर उभी रेघ मारतात, एकीकडं “घरी”, दुसरीकडं “पुस्तकात”. घरी मले, पुस्तकात मला. घरी काया, पुस्तकात काळा. घरचा रकाना पोरं सांगतात आणि तो त्या खोडत नाहीत, तपासतही नाहीत, कारण त्यात तपासायला काही नाहीच, पोरांना तो येतो. तपासतात फक्त उजवा रकाना. न-ण ला मात्र तेवढं पुरत नाही, कारण घरी एकच अक्षर आणि पुस्तकात दोन, कुठला कुठं हे अंदाजानं कळत नाही. म्हणून त्यांनी शब्दांचे तीन ढीग केले. शब्दाच्या सुरुवातीला कधीच ण नाही, हा पहिला ढीग, नाक, नदी, नांगर. विमान, मानव, जनता असे भाषणात आणि पुस्तकात भेटणारे शब्द, त्यातला न किंवा ण संस्कृतात असेल तसाच, ते एकेक करून पाठ करायचे, हा दुसरा. आणि तिसरा ढीग घरच्या शब्दांचा, पाणी, लोणी, कोण, आपण, तण, यात मधल्या किंवा शेवटच्या न ला पुस्तकात बहुधा ण. तीन महिन्यांत “विमाण” वह्यांतून जवळजवळ गेलं असं त्या सांगतात. “लोनी” ला जास्त वेळ लागला, आणि बोलताना तर ते अजून लोनीच आहे, त्याला त्या हात लावत नाहीत.

एक दिवस तिसऱ्या ढिगावर काम चालू असताना मागच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि म्हणाली, “बाई, कान बी घरचाच सबद हाय ना, मंग पुस्तकात काण काहून नाही?” बाईंना त्या दिवशी उत्तर आलं नाही, त्यांनी संध्याकाळी मला फोन केला, आणि मी वर लिहिलंय ते कण्ण आणि पण्णचं प्रकरण आम्ही तासभर बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर चौथा ढीग मांडला, कान, पान, सोनं, ऊन, आणि त्या पोरीला विचारलं, अजून कुठले शब्द यात बसतील, शोधून आण. ती दुसऱ्या दिवशी “तीन” आणि “चुना” घेऊन आली.